मोंघीबेनच्या चुण्यांमधले आभले

मोंघीबेन भांडखोर होती, हे आधीच सांगून टाकते. तिच्याबद्दल लिहायला बसले आणि तिला गरीब गाय केलं, तर ती जिथं असेल तिथून येऊन माझ्या हातातला टाक काढून घेईल. माजलगावात आमच्या मागच्या परसाला तिचं परस लागून होतं, मध्ये फक्त एक कंबरेएवढी मातीची भिंत. त्या भिंतीवर कोपर टेकून तिनं साऱ्या गल्लीशी भांडणं केली. माझ्या सासूबाईंशी तर रोज. आणि त्याच भिंतीवरून आमच्या घरात तिचे ढोकळे आले, तिच्या घरात आमच्या ज्वारीच्या भाकरी गेल्या.

मी लिंगायत वाण्याची सून. पुढं किराण्याचं दुकान, मागं घर. वडील शाळामास्तर असल्यामुळे मला लिहिता-वाचता यायचं, आणि सासरी त्याचा उपयोग पुड्यांचे कागद वाचण्यापलीकडे काही नव्हता. निजामाचं राज्य होतं, कचेरीत उर्दू चालायची, बायकांना तर कुठलंच काही चालायचं नाही. अशा दिवसांत शेजारी ही बाई राहत होती. उंच, हाडापेरानं मोठी, नाकात सोन्याची चमकी आणि अंगठ्याला कायम चिंधी गुंडाळलेली. नवरा जेठाभाई कापसातून सरकी वेगळी करायच्या जिनावर वजनकाट्याशी असायचा. तो इतका हळू बोलायचा की घरातलं सगळं बोलणं मोंघीबेनलाच उरकावं लागायचं.

सरकीच्या नि रुईच्या धंद्यापायी कच्छातून आलेली त्यांची मोजकी घरं जिनाच्या आसपास होती. त्यांच्या बायका चणिया-चोळी घालायच्या, म्हणजे भरपूर घेराचा परकर आणि पाठीवर बंदांनी बांधायची चोळी. त्यावर रंगीत रेशमाचं भरतकाम आणि भरतकामात बसवलेले काचेचे गोल तुकडे. ह्या काचांना त्या आभले म्हणायच्या. गावात त्यांना कुणी आरसेवाल्या म्हणायचं, कुणी आणखी काही. बाजाराच्या दिवशी त्या चालत गेल्या की आमच्याकडची पोरं मागून पळायची.

मोंघीबेनच्या अंगठ्याच्या चिंधीचं कारण हे आभलेच. मी एकदा गंमत म्हणून म्हटलं, "मलाही शिकवा की." दुसरी कुणी असती तर गोड हसली असती. हिनं भिंतीवरून खापराचा एक तुकडा आणि मूठभर काचा माझ्यापुढं टाकल्या.

"आधी कडा घास."

"आणि टाका?"

"टाका मागून. काचंची धार ऱ्हायली तर ती दोरा खाती. आज लावलीस, चार धुण्यांत गळून पडंल. मग म्हनशील, मोंघीनं शिकवलं न्हाई."

कितीतरी दुपारी मी नुसत्या कडा घासल्या. घासलेली काच ती आपल्या केसावरून ओढायची. केस अडकला की काच परत माझ्याकडे. ह्या काचा आपल्या भिंतीवरच्या आरशासारख्या सपाट नसतात, हे मला तेव्हा कळलं. कारागीर काचेचा मोठा फुगा फुंकतात, आतून त्याला कल्हईसारखा रस देतात, मग तो फोडून त्याचे तुकडे कातरीनं गोल कापतात. त्यामुळे प्रत्येक आभल्याला फुग्याची थोडी गोलाई राहते, मधे किंचित उंच. सपाट काच एकाच बाजूला लखकन उजेड मारते, बाजूला सरकलात की संपलं. आभल्यात मात्र तुम्ही कुठूनही बघा, दिव्याचा एक बारका ठिपका असतोच.

मग टाका आला. काचेला भोक नसतं, की ओवली आणि झालं. कापडावर आभला ठेवायचा, डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचा. त्याच्यावरून दोऱ्याचे दोन उभे ताण घ्यायचे, दोन आडवे, आणि आडवे नेताना उभ्यांना गुंफत न्यायचे. काचेवर दोऱ्याची एक चौकट बसते. मग सुई काठाजवळून वर काढायची, चौकटीच्या दोऱ्याखालून घालून बाहेर ओढायची, काठालगत कापडाचा बारीक घास घ्यायचा, दोरा सुईखाली ठेवून टाका आवळायचा. पुन्हा चौकट, पुन्हा कापड. असं फिरत गेलं की चौकट हळूहळू बाहेर ओढली जाते, तिचे कोपरे मोडतात आणि गोल खिडकी उघडावी तशी मधली काच मोकळी होते.

"चौकट काठाला घेतलीस तर घसरती. मधी घेतलीस तर काच झाकती," मोंघीबेन सांगायची. "आन् ढिली ठेवलीस तर तुझ्या सासूच्या दातावानी हालती."

सासूबाई ओसरीत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या दिवशी ढोकळा परत गेला.

तिचं एक वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी यायचंच: "आभला आपून चमकत न्हाई. मानूस हालतं म्हनून चमकतो." सगळं काम ती ह्या एका वाक्यावर करायची. बाई कुठं हालते, कुठं बसते, उजेड कुठून येतो, ते आधी बघायचं आणि मग काच ठेवायची. बाहीच्या कडेला बारीक आभले दाट, कारण टाळी वाजवताना हात सारखा फिरतो. काखेत एकही नाही, घासतो. छातीवर मोठे, कारण वाकलं की तिथं समोरचा दिवा सापडतो. चणियाच्या मागं, बसायच्या जागेवर, नुसतं रेशमाचं काम. आणि खालच्या काठाला सगळ्यांत दाट, कारण काचेच्या वजनानं काठ खाली नीट झुलतो आणि गिरकी घेतली की तोच सगळ्यांत लांब उडतो.

तहसीलदाराच्या बेगमेचा नोकर एकदा मखमलीच्या लोडाची खोळ घेऊन आला. बेगमसाहेबांना तिच्यावर आभले हवे होते, ते पण ईदच्या आत. आमची सगळी गल्ली दारात. तहसीलदाराच्या घरचं काम म्हणजे नाही म्हणायची सोय नव्हतीच.

"लोडाला टेकत्यात ना तुमच्या बेगमसाहेब?" मोंघीबेननं विचारलं.

"जी, टेकतात."

"मग त्यांच्या पाठीत काच घुसवू का? घेऊन जा. आभला टेकायची चीज न्हाई, म्हनावं. दाराला तोरन करून देते, येता-जाता वाऱ्यानं हालंल."

नोकराचा चेहरा पडला. जेठाभाई तर आतल्या खोलीत जाऊन बसला. सासूबाई म्हणाल्या, आता हिच्या दारात शिपाई येणार. आला तो मखमलीचा नवा तुकडा, तोरणासाठी. ह्या एका विजयावर मोंघीबेन पुढं कितीतरी दिवस आमच्या सासूबाईंशी भांडण जिंकत राहिली.

पण परक्याशी भांडणं वेगळं आणि आपल्यांशी वेगळं. त्यांच्या न्यातीत, म्हणजे जातभाईंत, नानजीशेठचा शब्द चालायचा. जिन त्याचं, कापूस त्याचा, नवरात्रातला गरबा त्याच्याच जिनाच्या अंगणात. मोंघीबेनच्या मुलीचं, केसरचं, लग्न त्याच्याच नातवाशी ठरलेलं. केसर म्हणजे आईची आवाज नसलेली आवृत्ती असं मला वाटायचं. डोळे तेच, हनुवटी तीच, बोलणं मात्र बापाचं.

एका गरब्याला कचेरीतला कुणी अंमलदार येऊन बसला आणि बायकांच्या कपड्यांकडे बघून काहीतरी थट्टेचं बोलला. काय बोलला ते कुणी सांगेना. पण पुढच्या नवरात्राच्या आधी नानजीशेठनं न्यात बसवली. तिथं काय ठरलं ते मोंघीबेन परसात जेठाभाईशी बोलत होती, ते मी भिंतीवरून ऐकलं; त्यांचं आपसातलं कच्छी मला तोवर बरंच कळायला लागलं होतं, म्हणून आपल्या बोलीत सांगते. शेठ म्हणाला, आपण ह्या मुलखात पाहुणे आहोत. पाहुण्यानं चमकू नये. सरकारी माणसांच्या नजरा आपल्या बायकांवर आणि आपल्या घरांवर पडायला नकोत. आजपासून कुणाच्या अंगावर आभला दिसता कामा नये. भरतकाम ठेवा, काचा काढा. ज्या घरची बाई ऐकणार नाही त्या घराशी रोटी-बेटी बंद.

शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. दुष्काळात त्यानं जिनाच्या दारात धान्य वाटलेलं मी पाहिलंय. पण भ्यालेला माणूस आधी घरातल्या बायकांनाच गप्प करतो, त्याला शेठ तरी कसा अपवाद असणार?

त्या आठवड्यात घराघरांतून कातऱ्या चालल्या. एकेका चणियावर आईची, आजीची, स्वतःची कितीतरी वर्षं बसलेली. दोऱ्याचं वेटोळं कापलं की आभला टपकन खाली पडतो आणि कापडावर सुईच्या भोकांची बारीक गोल रांगोळी उरते. मोंघीबेननं कातरी हातात धरलीच नाही. भिंतीवर कोपर टेकून ती मला म्हणाली, "त्यो अंमलदार बघतो तर त्याचे डोळे बांधा की. माझ्या काचा कावून काढता?"

"मग काय करणार?"

तिनं भिंतीवरचं कोपर काढून घेतलं. ही गोष्ट इतकी नवी होती की मला भीती वाटली. केसरचं लग्न तिच्या घशात अडकलं होतं. स्वतःपुरतं असतं तर ती जिनाच्या दारात उभी राहून ओरडली असती.

तेवढ्यात मागून केसर म्हणाली, "बा, मला आभले पाहिजेत."

त्यांच्यात आईला बा म्हणतात. मोंघीबेन वळली.

"लगीन मोडंल तुझं."

"आभला काढून जे घर मिळतं, तिथं पुढं आणखी काय काय काढावं लागंल?" केसर इतकं लांब वाक्य बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली.

मोंघीबेननं तिच्याकडे बघितलं, मग जिनाच्या दिशेनं बघितलं. आणि दुपारी चक्क उठून शेठच्या अंगणात जाऊन आली. भांडायला नव्हे. त्यानं गरब्यासाठी गॅसचा नवा मोठा दिवा मागवला होता, तो निंबाच्या कुठल्या फांदीला टांगणार हे बघायला.

मग तिनं जो चणिया केला तो मी माझ्या डोळ्यांनी होताना पाहिला, आणि तशी अक्कल मला पुन्हा कुणाच्या हातात दिसली नाही. गडद डाळिंबी रंगाचं जाड सुती कापड घेतलं. काच लावायच्या आधीच त्याच्या चुण्या घातल्या, ओलं करून दोरीसारखा पीळ दिला, आवळून बांधलं आणि सावलीत वाळवलं. काच लावून पीळ देता येत नाही, चुरा होईल. कापड सुटलं तेव्हा चुण्या अशा बसल्या होत्या की हातानं उघडल्या तरी सोडल्याबरोबर आपल्या आपण मिटायच्या. वर कंबरेपाशी नाडी ओढल्यावर चुण्या इकडं-तिकडं सरकतात, म्हणून नेफ्याखाली वीतभर तिनं त्या आतून टाक्यांनी पक्क्या केल्या.

आणि आभले लावले ते चुणीच्या पोटात. बाहेर दिसणाऱ्या घडीवर नुसतं साधं रेशीम. आत जाणाऱ्या पट्टीवर कंबरेकडून काठाकडे दाट होत गेलेले बारीक आभले. त्यातही चुणीच्या एकाच अंगाला. मी विचारलं, दोन्ही अंगांना का नको?

"काच काचंवर आली की करकर वाजती. शेठ काय बहिरा हाय?"

चोळीवर एकही काच नव्हती. केसरनं घालून दाखवलं तेव्हा ती उभी होती ती एखाद्या नव्या विधवेसारखी सोवळी, साधी. मोंघीबेननं तिला हात धरून एकदाच गरकन फिरवलं. मी मागं सरकले. सासूबाई ओसरीतून "अगं बाई" म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी मोंघीबेनशी भांडणं सोडून दिलं.

अष्टमीला दिवेलागणीच्या वेळी आम्हीही जिनाच्या अंगणात गेलो. शेजाऱ्यांना आमंत्रण असायचं. मधे भोकाभोकांचा मातीचा घडा, आत पणती. त्यालाच ते गरबो म्हणतात. निंबाला शेठचा गॅसचा दिवा. दाराशी शेठ स्वतः बसलेला, येणाऱ्या प्रत्येकीकडे खालीवर बघत. केसर आली. शेठनं बघितलं, मान डोलावली. "अशी पायजे नातसून," तो शेजारच्याला म्हणाला.

पहिली फेरी संथ होती. वाकायचं, टाळी, उभं राहायचं, पाऊल. चुण्या मिटलेल्याच होत्या. एखाद-दुसरी रेघ चमकून जायची, डोळ्याला भास वाटावा इतकीच. मोंघीबेन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट करकचून धरलं होतं. ही भांडखोर बाई घाबरलेली होती, हे मला त्या हातावरून कळलं.

मग ढोलकं वाढलं. टाळ्या जवळ आल्या. गिरक्या सुरू झाल्या.

केसरनं गिरकी घेतली आणि चणिया उघडला. चुण्यांची तोंडं एकदम फाकली, काठ उडून आडवा झाला, आणि आडवा झालेला काठ आभाळाकडे तोंड करतो. वर निंबावर शेठचाच दिवा. एकेका आभल्यात त्या दिव्याचा एकेक ठिपका उतरला. काठाकडे दाट, कंबरेकडे विरळ, सगळे फिरणारे. घड्याच्या भोकांतला पिवळा उजेड खालून, गॅसचा पांढरा वरून. बाकीच्या बायका टाळ्या विसरल्या. ज्यांनी आपल्या हातांनी काचा कापल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. एक म्हातारी तर ओक्साबोक्शी रडायला लागली.

"थांबा!" शेठ उठला होता.

ढोलकं थांबलं. केसर थांबली. घेर खाली आला, चुण्या मिटल्या, आणि अंगणात पुन्हा साधा डाळिंबी चणिया घातलेली एक मुलगी उभी होती.

"आभले हायत हिच्या अंगावर," शेठ म्हणाला.

सगळ्यांनी केसरकडे बघितलं. पण दिसत काहीच नव्हतं. आणि ते दिसावं म्हणून पोरीला पुरुषांसमोर पुन्हा फिरायला सांगणं किंवा तिच्या चुण्या चाचपणं शेठला शोभणार नव्हतं. तो अडकला. त्यानं बायकोला खूण केली. शेठाणी उठली, केसरजवळ गेली, खाली बसली, दोन बोटांनी एक चुणी उघडून बघितली. बराच वेळ बघितली. मग चुणी सोडून दिली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "काही नाही. दिव्यानं तुमचे डोळे दिपले."

किती सोपं झालं होतं! शेठाणीनं वाट मोकळी करून दिली होती. लग्न राहत होतं, न्यात राहत होती, आभलेही राहत होते, चुणीच्या पोटात. जेठाभाईनं तर देवाला हात जोडलेसुद्धा. मी मोंघीबेनच्या कानात म्हटलं, "वाचलो."

तिनं माझं मनगट सोडलं आणि अंगणाच्या मधोमध गेली.

"शेठाणी माझ्यासाठी खोटं बोलल्या," ती म्हणाली. "त्यांना पाप नगं. आभले हायत. मीच लावलेत. दडवून लावले, त्याचीच लाज वाटती मला." मग तिनं केसरच्या चणियाचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि पंखा उघडावा तसा सगळ्यांसमोर ताणून उघडला. "बघा शेठ. हे कुणाला बोलवायला लावलेले न्हाईत. माझ्या आईनं मला शिकवलं, मी हिला. तुमाला भीती वाटती तर तुमी घरात बसा. आमाला कावून बसवता?"

शेठचा चेहरा मी विसरलेले नाही. रागापेक्षा जास्त तो थकलेला दिसत होता. "मग तुमचा आमचा संबंध संपला," इतकंच तो बोलला आणि खाली बसला. केसर रडली नाही. तिनं आईच्या हातातून काठ सोडवून घेतला, झटकला, आणि ढोलक्यावाल्याकडे बघितलं. त्यानं वाजवलं नाही. तेव्हा तिनं स्वतःच टाळी धरली आणि एकटीनं फेरी पुरी केली.

लग्न मोडलं. जेठाभाईचं काट्याचं काम गेलं. न्यातीतलं कुणी त्यांच्या घरचं पाणी पिईना. पण परसाची भिंत न्यातीत नव्हती. सांजेला एकेक बाई आमच्या दुकानात मीठ घ्यायच्या निमित्तानं यायची, मागच्या ओसरीत पदराखालून चणिया काढायची आणि भिंतीवर ठेवून जायची. सुईच्या भोकांचे गोल रिकामे, आणि काठाला गाठ मारून बांधलेले कापलेले आभले. टाकून कुणीच दिले नव्हते. एक पुरचुंडी शेठाणीची होती. मोंघीबेन आणि केसर दिवसभर चौकटी घालत बसायच्या. दोरा ओवून द्यायला सासूबाई असायच्या, आणि दोरा जाड घेतला म्हणून शिव्याही खायच्या.

पुढं जेठाभाईला जालन्याला काम मिळालं. केसरचं लग्नही तिकडंच झालं, चांगल्या घरात झालं असं नंतर कळलं.

जायच्या दिवशी सकाळी बैलगाडी दारात उभी होती. सामान थोडंच. केसरनं तो डाळिंबी चणिया घातला होता, दिवसाढवळ्या, प्रवासाला. मी म्हटलं, "अगं, धुळीनं खराब होईल." मोंघीबेन म्हणाली, "धुता येतो." बस. एवढंच आमचं निरोपाचं बोलणं. ती रडली नाही म्हणून मीही रडले नाही.

गाडी बाजारातून निघाली. नानजीशेठ पेढीवर गादीला टेकून बसला होता. पेढी सावलीत, रस्ता उन्हात. मोंघीबेननं गाडीवाल्याला म्हटलं, हळू हाक. मग लेकीच्या चणियाची एकेक चुणी दोन्ही हातांनी उघडून तिनं घेर गाडीच्या मागच्या फळीवर पसरवला आणि वर गुडघा ठेवून दाबून धरला. गाडी दगडावरून हेलकावली. शेठच्या पांढऱ्या भिंतीवर उजेडाचे पुसट गोल ठिपके उठले आणि चालायला लागले, भिंतीवरून गादीवर, गादीवरून त्याच्या पगडीवर, तोंडावर. त्यानं डोळ्यांवर हात आडवा धरला. ठिपके त्याच्या हातावरून चालत गेले.

मोंघीबेननं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती खाली वाकून काठाचा एक आभला तपासत होती, ढिला झालाय का म्हणून.